डाव्या हातावर डास बसेनात

त्याला सगळे 'यजमान' म्हणायचे. घरी बायको शेजारणींशी बोलताना त्याला 'आमचे यजमान' म्हणायची, ते वेगळं. पण कामावर हे नाव पडलं ते डासांमुळे. डास ज्याचं रक्त पितो तो त्याचा यजमान, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी एकदा कुणाला तरी समजावून सांगितलं. ते ऐकून डास पाळणाऱ्या खोलीतला त्याचा मित्र म्हणाला, "मग आपल्याकडे यजमान एकच. बाकीचे नुसते येणारे-जाणारे." हा मित्र वर्षानुवर्षं डासांची अंडी, अळ्या आणि पिंजरे सांभाळत होता. म्हणून त्याचं आडनाव सगळ्यांनी परस्पर 'पाळणेकर' करून टाकलं होतं. खरं आडनाव पगाराच्या दिवशीच निघायचं.

प्रयोगशाळा म्हणजे एका जुन्या कारखान्याच्या मागचा दुमजली भाग. डास पळवणारी तेलं, मलमं आणि फवारे इथे तपासणीला यायचे. मलम लावलेला हात जाळीच्या पिंजऱ्यात घालायचा आणि किती डास बसतात ते बघायचं, असं एकूण काम. पण त्याआधी एक गोष्ट सिद्ध व्हावी लागे: पिंजऱ्यातले डास खरोखर भुकेले आहेत ना? ते आळसावलेले असतील तर मलम नुसतं पाणी असलं तरी पास व्हायचं. म्हणून रोज सकाळी काहीही न लावलेला एक हात आत जायचा. तो हात यजमानाचा. डावा. उजव्या हातात टकटक करून आकडा पुढे सरकवायचं यंत्र असायचं, म्हणून डावा.

हे काम तो फार मन लावून करत असे. वासाचा साबण नाही, अत्तर नाही, डोक्याला तेल नाही. तरुणपणी ओढायचा त्या सिगारेटी या नोकरीसाठी सोडल्या. बायको म्हणायची, "माझ्या सांगण्यावरून नाही सुटल्या, डासांसाठी सोडल्या." खरंच होतं ते. पिंजऱ्यातले डास इथेच जन्मलेले, कुठल्याही रोगाच्या माणसाला कधी न चावलेले, त्यामुळे भीती नव्हती. बसला की मोजायचा आणि सोंड टेकवायच्या आत हात हलवून उडवायचा. तरी एखादी चावायचीच. एखादी, कारण चावते ती मादी. अंडी घालायला तिला रक्त लागतं. नर बिचारे साखरपाण्यावर जगतात.

त्या सकाळी त्याने नेहमीसारखी जाळीवर हलकी फुंकर घातली. फुंकर म्हणजे डासांना निरोप. आपल्या श्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्याची झुळूक लागली की कोपऱ्यात चिकटून बसलेल्या माद्या एकदम जाग्या होतात. उठतात, गिरक्या घेतात, शोधू लागतात. त्याही दिवशी उठल्या. पिंजरा गुणगुणायला लागला. त्याने बाही सारून डावा हात आत घातला आणि उजव्या अंगठ्याने यंत्र धरून ठेवलं.

डास आले. हाताच्या अगदी जवळ आले, मनगटाभोवती घोटाळले, आणि वळून गेले. परत आले. परत गेले. एक बसला, थोडा चालला आणि उडाला. बाकी कुणी टेकेना.

यजमानाला आधी वाटलं आपलं लक्ष नाही. त्याने हाताकडे डोळे फाडून पाहिलं. वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा यंत्रावरचा आकडा इतका लहान होता की त्याने तो पुसून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदाही तेच.

"पाळणेकर," त्याने हाक मारली, "आज काय जेवून आलेत काय हे?"

"सकाळपासून साखरपाणी काढून घेतलंय. उपाशी आहेत."

"मग बसत का नाहीत?"

पाळणेकराने बाही सारली आणि स्वतःचा हात आत घातला. त्याचं 'आई गं' सगळ्या मजल्यावर ऐकू गेलं. क्षणात हातावर काळे-पांढरे ठिपके दिसायला लागले. हात बाहेर काढून खाजवत तो यजमानाकडे बघत राहिला. यजमान पिंजऱ्याकडे बघत राहिला.

मॅडम आल्या. बाई शिस्तीच्या, पण तिरसट नव्हत्या. त्यांनी खोलीची उष्णता पाहिली, दमटपणा पाहिला, डासांचं वय विचारलं. सगळं ठीक होतं. मग त्यांनी यजमानाकडे मोर्चा वळवला.

"काल संध्याकाळी ते नवीन मलम तुम्हीच उघडलं होतं ना?"

"उघडलं, पण हातमोजे घालून."

"आणि डाव्या हाताला काही लागलं नाही?"

"नाही मॅडम."

"घरी काही लावलंत? बाम, पावडर?"

"मी? मी कधी काही लावतो का?"

त्या "बरं" म्हणाल्या, पण ते बरं काही बरं वाटलं नाही. त्या दिवशीची सगळी तपासणी रद्द झाली. यजमानाने हात साध्या साबणाने धुतला, स्पिरिटने पुसला, कोरडा होऊ दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत घातला. डास आले, घोटाळले, गेले.

"उजवा घाला," मॅडम म्हणाल्या.

उजवा हात आत गेला आणि त्यावर डास तुटून पडले.

आता मात्र सगळेच चक्रावले. माणूस एक, रक्त एक, घाम एक. श्वास तर दोन्ही हातांसाठी एकाच नाकातून येणारा. मग डासांना एक हात हवा आणि दुसरा नको, असं कसं? पाळणेकर म्हणाला, "डावा हात नाराज असेल. इतकी वर्षं चावून घेतोय, शेवटी तोही माणूसच." यजमानाला हसू आलं नाही.

मॅडमच्या डोक्यात एकच उत्तर बसत होतं: डाव्या हाताला काहीतरी लागलेलं आहे आणि हा सांगत नाही. त्या तसं थेट बोलल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "हे बघा, चूक होते माणसाच्या हातून. सांगून टाकलं की विषय संपला." यजमानाचा चेहरा उतरला. न केलेली चूक कबूल कशी करायची, ते त्याला कळेना. आणि आपण खरंच काही केलेलं नाही ना, अशी त्याची त्यालाच शंका यायला लागली. बसमधल्या दांड्याला कुणाच्या हाताचं काही लागलं असेल? बायकोच्या शिलाई मशीनचं तेल? घरी जाऊन त्याने मशीनचा वास घेतला, टॉवेलचा घेतला, उशीचा घेतला.

"काय हुंगताय?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर उशी का हुंगता?"

बायको पडदे शिवून द्यायची. कापड निवडण्यापासून ते पडदा गिऱ्हाइकाच्या घरी पोचवण्यापर्यंत सगळं काम तिचं. फक्त टांगायला सुट्टीच्या दिवशी हा जायचा. गेले काही महिने त्यावरून दोघांत कुरबुर होती. शिडीवर चढून हात वर केले की याचा डावा हात भरून यायचा, पडदा अर्ध्यावर टाकून तो खाली उतरायचा. एकदोनदा डोकंही गरगरलं. दवाखान्यात गेला तर तिथल्या डॉक्टरांनी उजव्या हाताला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, थोडा जास्त आहे म्हणाले, मीठ कमी करा म्हणाले. बायकोने मीठ कमी केलं, पण हात दुखण्यावर तिचा विश्वास नव्हता. "गिऱ्हाइकाकडे गेलं की बरोबर दुखतो," ती म्हणायची. "जेवायला बसल्यावर कधी नाही."

"जेवतो उजव्या हाताने मी."

"तेच म्हणते. त्याला कसं काही होत नाही?"

त्या रात्री त्याने तिला डासांची गोष्ट सांगितली. तिने हातातलं काम थांबवून ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही डासांनाही नकोसे झालात?" आणि लगेच त्याचं तोंड बघून, "अहो, चेष्टा केली हो." पण चेष्टा लागली होती. सगळ्या खोलीत डासांनी आधी आपल्यालाच शोधावं, याचा माणसाला अभिमान वाटू शकतो हे कुणाला सांगण्यासारखं नसतं, तरी त्याला तो होता.

मॅडम मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी त्याला नायलॉनच्या दोन बाह्या दिल्या, पायमोज्यासारख्या ताणून बसणाऱ्या. एकेक बाही एकेका हातावर दिवसभर चढवून ठेवायची. त्वचेवरचे आम्लांचे, घामाचे, तिथल्या सूक्ष्म जंतूंनी तयार केलेले वास त्या नायलॉनमध्ये मुरतात. मग त्या बाह्यांचे तुकडे काचेच्या एका नळीत ठेवायचे. ही नळी पुढे दोन वाटांना फुटते. एका वाटेला डाव्या हाताचा वास, दुसऱ्या वाटेला उजव्याचा, आणि दोन्हींतून सारखीच हवा, थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेली. डास मागून सोडायचे आणि कुठे वळतात ते बघायचं. डाव्या हाताला डास पळवणारं काही लागलेलं असेल, तर ते त्या वाटेला फिरकणार नाहीत.

यजमान नळीच्या एका बाजूला उभा होता आणि मॅडम दुसऱ्या. डास सुटले, वर उठले, पुढे सरकले. अर्धे इकडे गेले, अर्धे तिकडे. मॅडमनी बाजू बदलून पुन्हा पाहिलं. पुन्हा अर्धे-अर्धे.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या डाव्या हाताला काहीही लागलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं."

"ते जाऊ द्या मॅडम," यजमान म्हणाला. "पण मग हातावर का बसत नाहीत?"

"मला माहीत नाही."

इतक्या वर्षांत मॅडमच्या तोंडून हे वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलं. संशय गेला म्हणून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटेना. वास तोच आहे, डासांना आवडतोही आहे, तो घेत ते हातापर्यंत येतातही. मग शेवटच्या वितीत त्यांना काय सापडत नाही?

जेवणाच्या सुट्टीनंतर तो मागच्या पायरीवर जाऊन बसला. आत बसवेना. पाळणेकर त्याच्याशी जपून बोलत होता, ते तर अजिबात सहन होईना. ऊन डाव्या बाजूने येत होतं. बाही वर सारलेलीच होती. तो बराच वेळ तसाच, हात मांडीवर टाकून, भिंतीकडे बघत बसला. मग आतून मॅडमनी हाक मारली: नवीन डासांचा पिंजरा आला होता, एकदा शेवटचं बघू.

त्याने फुंकर घातली आणि डावा हात आत घातला.

डास बसले. धडाधड बसले. मनगटावर, कोपराजवळ, सगळीकडे. त्याचा अंगठा यंत्रावर चालेना.

"बसतायत!" पाळणेकर ओरडला. "अहो मॅडम, बसतायत!"

यजमानाला रडू येईल असं वाटलं. हात हलवून तो डास उडवत होता, परत ते बसत होते. पण हा आनंद टिकला नाही. पाहता पाहता बसणारे कमी झाले. मग नुसते घोटाळू लागले. थोड्या वेळाने पुन्हा तेच, जवळ येऊन वळून जाणं. पिंजरा तोच, डास तेच, हातसुद्धा आत तसाच होता.

"हे काय चाललंय?" तो म्हणाला. आवाज थोडा चढलाच. "मॅडम, हे काय चाललंय माझ्या हाताचं?"

 मॅडम पिंजऱ्याशी वाकून बघत होत्या. मग एकदम त्यांनी विचारलं, "आत येण्याआधी कुठे होतात?"

"मागे, पायरीवर."

"उन्हात?"

"हो. का?"

"हात बाहेर काढा."

त्याने हात बाहेर काढला. मॅडमनी तो दोन्ही हातांनी धरला. मग उजवा धरला. मग परत डावा. पाळणेकर अवघडून दुसरीकडे बघायला लागला.

"हा गार आहे," त्या म्हणाल्या.

"तो जरा गारच असतो हल्ली," यजमान म्हणाला.

"हल्ली म्हणजे कधीपासून?"

ते त्याने कधी मोजलं नव्हतं. स्वतःच्या हाताची ऊब कोण तपासत बसतं? मॅडमनी त्वचेला लावायचा तापमापक आणला. उजवा हात खोलीपेक्षा चांगलाच गरम होता, माणसाचा असतो तसा. डावा जवळजवळ खोलीइतकाच. टेबलाला हात लावावा तसा.

मॅडमनी रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती त्याच्या डाव्या हातावर ठेवायला लावली. कातडी तापल्यावर हात आत घातला. डास बसले. तो गार पडत गेला तसे ते उठले. पुन्हा तापवला, पुन्हा बसले. त्यांनी असं करून करून पाहिलं आणि दर वेळी तेच झालं.

मग त्या स्टुलावर बसल्या आणि यजमानाला सांगू लागल्या. बरंचसं त्याला माहीत होतं, पण तुकड्यातुकड्याने. लांबून मादीला श्वासाची झुळूक जागं करते. ती झुळूक लागली की मादीसाठी कातडीचा वासही जास्त मोलाचा होतो. तो वास तिला माणसाकडे आणतो. पण अगदी जवळ आल्यावर ती ऊब शोधते. आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असं काहीतरी. श्वास, वास आणि ऊब, या सगळ्यांचा मेळ बसला की मग ती निर्धास्त उतरते. "तुमच्या डाव्या हाताचा वास माणसाचा आहे," मॅडम म्हणाल्या, "पण ऊब पिंजऱ्याच्या जाळीइतकीच. आतापर्यंत थोडी तरी उरली असेल, आता तीही नाही. त्या येतात आणि गोंधळतात."

"म्हणजे माझ्यासारख्याच," यजमान म्हणाला.

"मला डासांचं काही वाटत नाही. हात गार का आहे, त्याची काळजी वाटते. तुम्ही आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात जा."

"सुट्टीच्या दिवशी जातो की. तसंही पडदे टांगायचे आहेत, त्यातून..." आणि तो थांबला. शिडी, भरून येणारा हात, गरगरणारं डोकं, हे त्याने मॅडमना कधी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं कारणच काय? तो बोलत गेला तसा मॅडमचा चेहरा बदलत गेला. पाळणेकरला त्यांनी गाडी काढायला सांगितली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हातांना पट्टा बांधला. उजव्याचा रक्तदाब जास्त, डाव्याचा त्याच्या मानाने खूपच कमी. डाव्या मनगटाची नाडी बोटांना जेमतेम लागत होती. पडद्यावर रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या तपासण्या झाल्या. गळ्याच्या खालून डाव्या हाताकडे जाणारी मुख्य रक्तवाहिनी आतून चिंचोळी झाली होती, जवळपास बंदच. हात वर करून काम केलं की हाताला रक्त पुरायचं नाही, आणि मग तो ते मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवरून उलटं ओढून घ्यायचा. म्हणून डोकं गरगरायचं.

"हे पहिल्यांदा कसं लक्षात आलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डासांमुळे," यजमान म्हणाला.

त्यांनी केसपेपरवरून मान वर केली. निरोप मिळून आलेली बायको मध्ये पडली: "ते डासांमध्येच काम करतात." यावर डॉक्टरीणबाई आणखीनच गोंधळल्या. मग त्याने सगळं सांगितलं, मलमापासून पायरीवरच्या उन्हापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं, हसल्या, आणि म्हणाल्या की डासांना काही कळलं वगैरे समजू नका, त्यांना फक्त गार हात नको होता. आणि शिडीवरच्या त्रासाचं आधी कुणीतरी मनावर घ्यायला हवं होतं.

बायको खाली बघत होती. बाहेर आल्यावर बाकावर बसून ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही काम टाळता."

"कधी कधी टाळायचोही," तो म्हणाला.

"हे आत्ता कशाला सांगता?"

"मलाच माहीत नाही कुठल्या वेळी टाळत होतो आणि कुठल्या वेळी खरंच दुखत होता."

रक्तवाहिनीत बारीक फुगा घालून वाट मोकळी केली, आत जाळीची नळी बसवली. हे तो शुद्धीवर असतानाच झालं, आणि हाताला ऊब वाटेल असं त्याला आधीच सांगितलं होतं. वाटली. बोटं इतकी गरम झाली की त्याला ती परक्याची वाटली.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि अशा माणसाचा हात पिंजऱ्यात घालायचा नाही, असा नियम निघाला. यजमानाला पाळणेकरच्या खोलीत बदली मिळाली. आता तो अंडी भिजवतो, अळ्यांना खाणं टाकतो, कोष वेगळे काढतो. काम वाईट नाही. त्याच्या जागी एक बाई आली आहे. तिच्या हातावर डास बऱ्यापैकी बसतात. त्याच्याइतके नाहीत, असं पाळणेकर म्हणतो, पण पाळणेकर मित्र आहे.

एक खोड मात्र त्याला लागली. कुणी भेटलं की तो हस्तांदोलन दोन्ही हातांनी करतो, आणि क्षणभर थांबतो. समोरच्याला वाटतं फार प्रेमळ माणूस आहे. कधी कुणाचा एक हात जरा गार लागला की याची झोप उडते, दुसऱ्या दिवशी परत त्याला शोधून हात धरायला जातो आणि दोन्ही सारखेच निघतात. एका गिऱ्हाईकबाईंनी याबद्दल बायकोकडे तक्रारसुद्धा केली. तिने घरी येऊन त्याला खडसावलं.

"लोकांचे हात धरणं बंद करा. काय समजतील?"

"मी नुसतं बघतो."

"काय बघता?"

आपल्याच अंगाचा एक भाग महिनोन्‌महिने गार पडत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, ही गोष्ट त्याला अजून पचलेली नाही. आणखी काय काय असेल ज्याचा पत्ता नाही? नशीब म्हणावं, मॅडमची हुशारी म्हणावी, की त्या दिवशी पायरीवर ऊन होतं म्हणून निभावलं? तो प्रत्येक वेळी वेगळं उत्तर देतो आणि एकही त्याला पटत नाही.

बायकोने कापडाचा तागा बाजूला ठेवून स्वतःचे दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "घ्या, बघा एकदाचे."

त्याने धरले. दिवसभर इस्त्री केल्यामुळे दोन्ही चांगलेच गरम होते. त्यावरून काहीच कळण्यासारखं नव्हतं.